रेझ्युमेतली बोंडअळी: ‘रिस्पॉन्सिबल फॉर’च्या जागी क्रियापदं

बी.एस्सी. अ‍ॅग्रीच्या सातव्या सत्रात आम्हाला गावात राहून काम करावं लागतं. कागदावर त्याचं नाव ग्रामीण कृषी कार्यानुभव, पण आपल्याकडे सगळे त्याला ‘रावे’च म्हणतात. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून दरवर्षी जी पोरंपोरी बाहेर पडतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या रेझ्युमेत अनुभव म्हणून दाखवायला एवढंच असतं. आणि ते लिहिण्याची एक ठरलेली ओळ आहे. वरच्या बॅचकडून खालच्या बॅचकडे फाईल येते, नाव आणि फोटो बदलतो, ओळ तशीच राहते: ‘रिस्पॉन्सिबल फॉर पिंक बोलवर्म मॅनेजमेंट इन अडॉप्टेड व्हिलेज.’

पदवी झाल्यावर मी एका बियाणे कंपनीत फील्ड ऑफिसरच्या जागेसाठी अर्ज करायला बसले, तेव्हा माझ्याही फाईलमध्ये ही ओळ होती. माझे मामा अमरावतीला राहतात. बियाण्याच्या धंद्यात त्यांची उमर गेली आणि आता ते त्यांच्या कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घेणाऱ्यांत बसतात. ते दिग्रसला आमच्या घरी आले होते, तेव्हा मी कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “गावातल्या बोंडअळीची जबाबदारी तुह्याकडं होती काय?”

मी म्हटलं, नाही. शेत शेतकऱ्याचं, शिफारस विद्यापीठाची, गावात कृषी सहाय्यक होते, आमच्यावर आमचे मार्गदर्शक सर होते.

“मंग तुनं काय केलं थे सांग.”

हा एकच प्रश्न घेऊन आम्ही पुढचे काही दिवस बसलो, अर्धे समोरासमोर आणि अर्धे फोनवर. त्यातून जे निघालं ते सविस्तर लिहिते. क्रियापदांच्या याद्या कुठेही मिळतात. यादीतलं कोणतं क्रियापद आपल्या कामाला बसतं आणि कोणतं बसत नाही, हे ठरवायचं कसं, ते मला त्या दिवसांत कळलं.

सुरुवात मामांनी रेझ्युमेपासून करू दिली नाही. म्हणाले, रावेची डायरी काढ. आम्हाला रोज काय केलं ते डायरीत लिहून सरांची सही घ्यावी लागायची, त्यामुळे ती ट्रंकेत जपून ठेवली होती. त्यात कापसाच्या कामाची पानं शोधली आणि प्रत्येक पानावरून फक्त मी स्वतः केलेलं काम मराठीत, साध्या वाक्यात वहीवर उतरवलं. सापळे लावले. पतंग मोजले. आकडा लिहिला. सापळ्यातली वासाची लूर बदलली. बोंडं फोडून पाहिली. ज्यांच्या शेतात काम होतं त्या काकाजींना सांगितलं. निंबोळी अर्क करून दाखवला. एका ‘रिस्पॉन्सिबल फॉर’च्या पोटात एवढी कामं होती आणि वाचणाऱ्याला त्यातलं एकही दिसत नव्हतं.

मग एकेक वाक्य घेतलं.

‘सापळे लावले’ हे सोपं होतं: इन्स्टॉल्ड. पण मामांनी लगेच विचारलं, किती, कुठे, कसे. गुलाबी बोंडअळीवर लक्ष ठेवायला हेक्टरी पाच, म्हणजे एकरी दोन कामगंध सापळे लावतात, मादीच्या वासाने या अळीचे पतंग ओढून घेणारे. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी, झाडाच्या शेंड्यापासून वीतभर ते फूटभर उंच. पराटी वाढते तसा सापळाही वर सरकवावा लागतो, नाहीतर तो पानांत बुडतो आणि पतंग येत नाहीत. आमच्याकडे चार शेतकऱ्यांच्या मिळून सहा एकरांत बारा सापळे होते. म्हणून ओळ झाली: ‘इन्स्टॉल्ड 12 फेरोमोन ट्रॅप्स ॲक्रॉस 6 एकर्स ऑफ बीटी कॉटन.’ आकडा क्रियापदाच्या जवळ आला की वाचणाऱ्याला काम केवढं होतं ते कळतं. बारा सापळे म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, पण ते खरे बारा आहेत.

पुढचं वाक्य ‘पतंग मोजले’. इथे मला वाटत होतं ‘मॉनिटर्ड’ लिहावं, कारण नोकरीच्या जाहिरातीतही तोच शब्द होता. मामा म्हणाले, लिही, पण मग मी विचारणार की किती पतंग आल्यावर तू काय करणार होतीस. मोजणं आणि नजर ठेवणं यातला फरक इथे आहे. नुसता आकडा वहीत चढवला तर ते ‘काउंटेड’ किंवा ‘रेकॉर्डेड’. आकडा कुठल्या रेषेपर्यंत पोचतोय हे माहीत असेल, आणि ती ओलांडल्यावर पुढची हालचाल ठरलेली असेल, तरच ‘मॉनिटर्ड’. गुलाबी बोंडअळीत ती रेषा ठरलेली आहे: एका सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा जास्त पतंग, सलग तीन रात्री. हे मला पाठ होतं, कारण दोन सापळ्यांत ते घडलेलं मी पाहिलं होतं, आणि त्या सकाळी आम्ही काकाजींच्या घरी चहाही न घेता आधी शेतात गेलो होतो. म्हणून ‘मॉनिटर्ड’ राहिलं आणि त्याच ओळीत रेषाही आली: ‘अगेन्स्ट थ्रेशोल्ड ऑफ 8 मॉथ्स पर ट्रॅप पर नाइट फॉर 3 कन्सेक्युटिव्ह नाइट्स.’ माझ्या गटातल्या एका मैत्रिणीने बोंडं फोडण्यात जास्त काम केलं होतं, सापळ्याचा आकडा ती फक्त कधीमधी लिहायची. तिने तिच्या कागदावर ‘रेकॉर्डेड’ लिहिलं आणि तिच्यासाठी तेच बरोबर होतं.

बोंडांचं काम मला सगळ्यात जवळचं वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते. सापळ्यात पतंग आले म्हणजे बोंडात अळी आहेच असं नाही. ते पाहायला शेतात तिरकं चालत वेगवेगळ्या झाडांवरची वीस हिरवी बोंडं तोडायची आणि एकेक फोडायचं. बाहेरून बोंड धडधाकट दिसतं. आत कप्प्याच्या भिंतीला बारीक भोक असतं, सरकीजवळ रुई पिवळसर पडलेली असते आणि तिथे ती अळी सापडते, लहानपणी पांढरट आणि मोठी झाल्यावर गुलाबी. वीसपैकी दोन बोंडांत ती दिसली की दहा टक्के झाले, म्हणजे नुकसानीची पातळी गाठली. फुलांचंही तसंच, पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या दिसणाऱ्या डोमकळ्या मोजायच्या. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात या अळीने कापसाचं काय केलं ते आमच्या घरात सगळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे बोंड फोडताना माझे हात कधी यंत्रासारखे चालले नाहीत.

या कामाला पहिल्यांदा मी ‘चेक्ड’ लिहिलं होतं. मामांना ते फार मोघम वाटलं. ‘चेक’ तर कोणी दारातून डोकावूनही करतो. ‘इन्स्पेक्टेड’ लिहिलं की काहीतरी ठरलेल्या पद्धतीने उघडून पाहिलं असा अर्थ येतो, आणि पद्धत आमच्याकडे होती. ओळ अशी झाली: ‘इन्स्पेक्टेड 20 ग्रीन बोल्स पर फील्ड एव्हरी वीक, रिपोर्टेड फील्ड्स क्रॉसिंग 10% डॅमेज टू फॅकल्टी गाइड.’

‘रिपोर्टेड’वर आमची बरीच चर्चा झाली. मला ‘अ‍ॅडव्हाइज्ड फार्मर्स ऑन स्प्रेइंग’ लिहायचं होतं. काकाजींना फवारणीचं मी सांगितलं होतंच की. पण कोणतं औषध, किती मिली, हे सरांनी विद्यापीठाची शिफारस पाहून ठरवलं होतं, मी तो निरोप नेला होता. सल्ला देणारा चुकला तर उत्तर त्याने द्यायचं असतं. ते उत्तर माझ्याकडे नव्हतं, सरांकडे होतं. म्हणून सरांकडे जाताना ‘रिपोर्टेड’ आणि शेतकऱ्याकडे जाताना ‘कन्व्हेड’. फवारणीसारख्या गोष्टीत हा फरक मुलाखत घेणाऱ्याला लगेच दिसतो, कारण शिफारस नसलेलं औषध कोणी नव्या पोराने सांगितलं तर पुढे काय होतं ते त्याने पाहिलेलं असतं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो ‘रिड्यूस्ड’ या शब्दावर. इंटरनेटवर रेझ्युमेचे जेवढे नमुने पाहाल तेवढ्यांत तो असतो, अमुक इतके टक्के कमी केलं, अमुक इतके टक्के वाढवलं. मलाही वाटत होतं की ‘रिड्यूस्ड बोलवर्म इन्फेस्टेशन’ लिहिलं तर ओळ भारी दिसेल. मामांनी विचारलं, आधी किती होतं? मी डायरी पाहून सांगितलं. नंतर किती? तेही होतं. मग म्हणाले, शेजारच्या धुऱ्यापलीकडच्या शेतात, जिथे तुमचे सापळे नव्हते, तिथे किती झालं? ते आम्ही मोजलं नव्हतं. मग कमी झालं ते सापळ्याने, फवारणीने, पावसाने की थंडी पडल्याने, हे कुणाला ठाऊक? ‘रिड्यूस्ड’, ‘इन्क्रीज्ड’, ‘इम्प्रूव्ह्ड’ या शब्दांना दोन आकडे लागतात, आधीचा आणि नंतरचा, आणि तो फरक आपल्या कामामुळेच पडला असं म्हणायला तुलनेचं शेत लागतं. आमच्याकडे नियंत्रण प्लॉट नव्हता. तो शब्द आम्ही काढला. शिवाय बारा लक्ष ठेवायचे सापळे म्हणजे पतंग पकडून संपवायची मोहीम नव्हे, त्यासाठी एकरी सापळे कितीतरी जास्त लावावे लागतात. हे ज्याला माहीत आहे तो ‘रिड्यूस्ड’ वाचून आपल्या बाकीच्या ओळींवरही शंका घेईल.

निकाल दाखवता येईल असं काम माझ्याकडे एकच निघालं, आणि ते कापसाचं नव्हतंच. त्या वर्षी पाऊस लांबला होता, म्हणून आम्ही गावात गेलो तेव्हा सोयाबीनची पेरणी व्हायची होती. घरचं बियाणं वापरणाऱ्यांची उगवण तपासून देत होतो. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीत ठेवायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं आणि मग धडधाकट कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर नेहमीचं एकरी तीस किलो बियाणं चालतं. कमी उगवले तर त्या हिशोबात बियाणं वाढवायचं, फारच कमी असतील तर बदलायचं. चौदा शेतकऱ्यांचं बियाणं तपासलं, त्यात तिघांचं सत्तरच्या खाली आलं. इथे ‘टेस्टेड’ चपखल बसलं आणि त्याच्या मागे निकाल आपोआप आला: ‘टेस्टेड होम-सेव्ड सोयाबीन सीड ऑफ 14 फार्मर्स, आयडेंटिफाइड 3 लॉट्स बिलो 70% जर्मिनेशन बिफोर सोइंग.’ यात ‘बिफोर सोइंग’ हे दोन शब्द मामांनी घातले. पेरणीआधी कळलं म्हणून त्या कामाला किंमत आहे, दुबार पेरणीची वेळ आल्यावर कळून काय उपयोग.

माती परीक्षणाच्या ओळीत याच्या उलट झालं. आमच्या बॅचमधल्या बऱ्याच रेझ्युमेत ‘अ‍ॅनालाइज्ड सॉइल सॅम्पल्स’ आहे. प्रत्यक्षात आम्ही शेतात इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करून वीस सेंटिमीटरपर्यंतची माती घेतली, ठिकठिकाणची माती एकत्र केली, ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत टाकत अर्धा किलोवर आणली, पिशवीत चिठ्ठी घातली आणि प्रयोगशाळेत दिली. पृथक्करण प्रयोगशाळेने केलं. म्हणून ‘कलेक्टेड’ आणि ‘लेबल्ड’. हात जिथवर गेला तिथवरच क्रियापद गेलं पाहिजे. ‘अ‍ॅनालाइज्ड’ लिहिलं असतं आणि सेंद्रिय कर्ब कसा काढतात असं कोणी विचारलं असतं, तर पुस्तकातलं सांगता आलं असतं, केलेलं सांगता आलं नसतं. चांगला मुलाखत घेणारा हे दोन आवाज वेगळे ओळखतो.

गटाने केलेल्या कामाचं वेगळंच असतं. निंबोळी अर्काचं प्रात्यक्षिक आम्ही आठ मुलींनी मिळून घेतलं. आठही जणींनी ‘ऑर्गनाइज्ड’ लिहिलं आणि आठही जणी एकाच कंपनीत मुलाखतीला गेल्या, तर समोरचा काय समजणार? म्हणून कोणी काय केलं ते आम्ही वाटून घेतलं. बायकांना घरोघरी बोलावणं एकीचं, हजेरी एकीची, आणि प्रत्यक्ष अर्क करून दाखवणं माझं आणि आणखी एकीचं. पाच किलो निंबोळ्या कुटून नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, एक लिटर पाण्यात दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात मिसळायचा आणि एकूण शंभर लिटर करायचं, की झाला पाच टक्क्यांचा अर्क. माझ्या ओळीत ‘डेमॉन्स्ट्रेटेड’ आलं, सोबत हजेरीतला आकडा. ‘एज्युकेटेड’ किंवा ‘ट्रेन्ड’ नाही, कारण त्या बायकांनी पुढे घरी अर्क केला का, हे आम्ही नंतर जाऊन पाहिलं नव्हतं.

‘असिस्टेड’ आणि ‘हेल्प्ड’ या शब्दांवर लोक फार तुटून पडतात, म्हणतात ते कमजोर दिसतात. मला तसं वाटत नाही. कमजोरी त्या शब्दांच्या मागे काहीच नसण्यात आहे. मदत केली म्हणजे नेमकं काय केलं, हे लिहिता आलं की मदत हा शब्द बहुतेक वेळा आपोआप गळून पडतो. ‘असिस्टेड इन फील्ड डे’ ऐवजी ‘रजिस्टर्ड पार्टिसिपंट्स अँड रेकॉर्डेड देअर क्वेश्चन्स’ असं झालं.

दुसरी मोठी ओळ घरची होती. आईच्या बचत गटाचे हिशोब मी बारावीपासून लिहिते. रेझ्युमेत ते ‘रिस्पॉन्सिबल फॉर एसएचजी अकाउंट्स’ असं होतं, आणि खरं तर मी ते काढूनच टाकणार होते, घरचं काम म्हणून. मामा म्हणाले, दहा बायकांचे पैसे लिहिणं हे काम नाही काय? जबाबदारी इथेही कागदोपत्री माझी नाही, ती अध्यक्ष-सचिवांची. मी हजेरी, बचत, कर्जाचे हप्ते आणि व्याज रजिस्टरमध्ये लिहिते, आणि महिन्याला बँकेचं पासबुक आणून रजिस्टरशी जुळवते. पहिल्याला ‘मेंटेन’ आणि दुसऱ्याला ‘रिकन्साइल’. दुसरा शब्द मला ठाऊक नव्हता, काम मात्र मी कित्येक वर्षं करत होते. फील्ड ऑफिसरला डीलरकडचा साठा आणि उधारी जुळवावी लागते, त्यामुळे कंपनीला ही ओळ बोंडअळीइतकीच कामाची वाटेल असं मामांचं मत पडलं.

ओळी तयार झाल्यावर क्रम लावला. जाहिरातीत शेतकरी सभा, प्रात्यक्षिक प्लॉट आणि डीलरची माहिती ही तीन कामं होती, म्हणून प्रात्यक्षिकाची ओळ वर, सोयाबीनची त्याखाली, मग सापळे आणि बोंडं. एकच क्रियापद दोनदा येत होतं तिथे पाहिलं की काम खरंच सारखं आहे का. सारखं असेल तर दोन ओळींची एक केली, उगाच वेगळा शब्द शोधला नाही. ‘स्पिअरहेडेड’, ‘ऑर्केस्ट्रेटेड’ असले शब्द यादीत होते, ते घेतले नाहीत. रावेच्या पोरीने गावातली मोहीम एकहाती चालवली, हे कोणाला पटणार?

मग मामांनी शेवटची फेरी घेतली. प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवून तीनच प्रश्न: कसं केलं, किती केलं, तुले कसं माहीत. ज्या ओळीवर उत्तर अडखळलं तिथे क्रियापद एक पायरी खाली आणलं. ‘सर्व्हेइड व्हिलेज’ असं एका ठिकाणी होतं, तिथे ‘किती घरं’ म्हटल्यावर ती निम्म्या गावाचीही निघाली नाहीत. ती ओळ ‘इंटरव्ह्यूड 30 हाउसहोल्ड्स’ अशी झाली.

मुलाखत यवतमाळला झाली. तिघांपैकी एकाने सरळ बोंडांच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, वीसच बोंडं का, आणि ती कुठून तोडायची. मी सांगितलं, तिरकं चालत, काठाच्या ओळी सोडून, कारण काठावरचं चित्र शेताचं नसतं. दुसऱ्याने विचारलं, अळी आत असेल तर बाहेरून ओळखता येतं का. यावर आम्ही बराच वेळ बोललो, आणि बचत गटाच्या ओळीवरही. निवडीचं पत्र आलंय, पोस्टिंग वाशीम जिल्ह्यात आहे.

रेझ्युमेत एक बदल मात्र राहिलाय. रावे संपलं, म्हणून तिथल्या सगळ्या ओळी भूतकाळात आहेत. बचत गटाचं काम अजून चालू आहे, म्हणून तिथे ‘मेंटेन’ आणि ‘रिकन्साइल’ वर्तमानकाळात आहेत. वाशीमला जाण्याआधी शेजारच्या कविताला रजिस्टर शिकवतेय. पुढच्या महिन्याचं पासबुक तिने एकटीने जुळवलं की त्या ओळीतही ‘मेंटेन्ड’ आणि ‘रिकन्साइल्ड’ करीन, आणि ‘ट्रेन्ड’ लिहायला मग हरकत नाही.